फोटोतल्या चेहऱ्यावर चष्मा किंवा टोपी बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे फ्रेम करायला येणारे पुष्कळ फोटो गेलेल्या माणसांचे असतात. फोटोबरोबर एक वाक्य हमखास येतं: "बाबा चष्म्याशिवाय कधी दिसलेच नाहीत, पण चांगला फोटो नेमका बिनचष्म्याचा आहे." नाहीतर, "टोपी घातल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत, ती तेवढी बसवून द्या." काम ऐकायला दहा मिनिटांचं वाटतं. टोपी दुसऱ्या फोटोतून कापायची आणि या डोक्यावर ठेवायची, एवढंच. पण बसवल्यावर ती टोपी डोक्यावर नसते, फोटोवर असते. हे काम शिकणारी मुलं आणि घरच्या घरी करून बघणारी मंडळी मला जे प्रश्न सारखे विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी फोटोशॉपमध्ये काम करतो, म्हणून मेनूची नावं तिथली आहेत. गिंप वापरत असाल तर `Unified Transform` आणि `Warp Transform` या दोन साधनांवर यातलं बहुतेक सगळं होतं.

चष्मा कुठल्या फोटोतून घ्यावा?

शक्यतो कुठल्याच तयार फोटोतून घेऊ नये, स्वतः काढावा. गेलेल्या माणसाचा चष्मा घरात बहुधा असतो. कपाटात, देव्हाऱ्याशेजारच्या ड्रॉवरमध्ये, स्टीलच्या डबीत. तो मागवून घ्या, घरातल्याच कुणाला तरी घाला आणि मूळ फोटोत मान जशी आहे तशी त्याला वळवायला सांगून फोटो काढा. या अर्ध्या तासाने कॉम्प्युटरवरचे तीन तास वाचतात. टोपीचंही तसंच.

फोटो काढताना अंतर सांभाळा. छातीपर्यंतचे जुने स्टुडिओतले फोटो साधारण दीड-दोन मीटरवरून काढलेले असतात. तुम्ही मोबाईल हातभर अंतरावर धरून संदर्भफोटो काढलात, तर नाकावरचा पूल मोठा येतो आणि काड्या झपाट्याने निमुळत्या होत मागे जातात. असा चष्मा स्टुडिओतल्या चेहऱ्यावर कितीही ओढाताण केली तरी बसत नाही, कारण तो फरक सपाट चित्र ताणून काढता येणाऱ्यातला नसतो. दोन मीटर मागे सरका आणि झूम करा. आपला प्रकाशही मूळ फोटोत ज्या बाजूने आला आहे त्याच बाजूने येऊ द्या. खिडकी पुरते.

चष्माच उरला नसेल तर मात्र जुन्या फोटोंतून शोधावा लागतो. तेव्हा चष्मा किती स्पष्ट आहे हे नंतर बघा, आधी मानेचा कोन जुळतो का ते बघा. धूसर पण योग्य कोनातला चष्मा सुधारता येतो. लख्ख पण समोरून काढलेला चष्मा वळलेल्या चेहऱ्यावर नेताना त्याच्या काड्या आणायच्या कुठून, हा प्रश्न उभा राहतो.

मानेचा कल नेमका कसा ओळखायचा? डोळ्यांना तर सरळच दिसतं.

'कल' म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. मान खांद्याकडे झुकलेली असते, बाजूला वळलेली असते आणि खाली-वर केलेली असते. तिन्ही वेगवेगळ्या मोजायच्या.

खांद्याकडचा झुकाव सगळ्यांत सोपा. `Ruler Tool` घेऊन एका बुबुळापासून दुसऱ्या बुबुळापर्यंत रेघ ओढा, वर कोन दिसतो. मग तशीच रेघ ओठांच्या दोन कोपऱ्यांमधून ओढा. दोन्ही रेघा समांतर असतील तर तो खरा झुकाव. त्या एका बाजूला एकमेकींच्या जवळ येत असतील तर कॅमेरा जवळ होता आणि चेहरा वळलेला होता. म्हणजे दिसणाऱ्या कोनातला काही भाग झुकावाचा नाहीच. तो सगळा झुकाव समजून चष्मा फिरवलात तर तो एका कानाकडून लोंबल्यासारखा दिसतो.

वळण ओळखायला दोन डोळ्यांमधला नाकाचा खळगा धरा. तिथपासून एका डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजा, मग दुसऱ्या डोळ्याचं. समोरचा चेहरा असेल तर दोन्ही सारखी येतात. डोळ्यांचे बाहेरचे कोपरे नाकाच्या खळग्यापेक्षा दीड-दोन सेंटीमीटर मागे असतात, त्यामुळे मान जरा वळली की एक अंतर वाढतं आणि दुसरं घटतं. सर्वसाधारण चेहऱ्यात मोठं अंतर लहानाच्या १.४ पट आलं तर मान साधारण २० अंश वळलेली आहे असं मी धरतो.

खाली-वरचं कानांवरून कळतं. मान सरळ असली की कानाचं वरचं टोक साधारण भुवईच्या उंचीला येतं. मान खाली घातली की कान भुवईच्या वर चढतात, मान वर केली की डोळ्यांच्या खाली उतरतात. हे लिहून ठेवा, पुढे काड्यांना आणि टोपीलाही लागणार आहे.

चष्मा डोळ्यांवर अगदी मधोमध बसवला, तरी चिकटवल्यासारखा का दिसतो?

मधोमध बसवला म्हणूनच. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

चष्म्याची काच डोळ्याला टेकलेली नसते. बुबुळाच्या पुढे साधारण १२ ते १४ मिलिमीटरवर ती उभी असते. समोरून पाहताना हे अंतर दिसत नाही, बुबुळ काचेच्या मध्याजवळ दिसतं. पण मान वळली की पुढे असलेली वस्तू मागच्या वस्तूपेक्षा जास्त सरकते. धावत्या एसटीतून बघताना जवळचे खांब भराभर मागे जातात आणि लांबचा डोंगर रेंगाळतो, तसंच. म्हणून मान डावीकडे वळलेली असेल तर अख्खी फ्रेम डोळ्यांच्या मानाने डावीकडे, म्हणजे नाक ज्या बाजूला आहे त्या बाजूला सरकलेली दिसते. कॅमेऱ्याजवळच्या डोळ्याचं बुबुळ काचेत कानाच्या बाजूला जातं. लांबच्या डोळ्याचं बुबुळ नाकाच्या बाजूला येतं.

मान खाली घातली तर हाच प्रकार उभ्या दिशेत होतो. फ्रेम डोळ्यांच्या खाली सरकते आणि वरची कड बुबुळाच्या जवळ येते. मान वर केली की फ्रेम भुवया झाकायला लागते.

आपल्या डोळ्याला हा सरकाव रोज दिसतो, पण आपण तो कधी मोजत नाही. म्हणून तो नसला की "काहीतरी चुकलंय" एवढंच जाणवतं, काय ते सांगता येत नाही. मग माणूस सावल्या वाढवतो, रंग बदलतो, कडा पुसट करतो. मूळ चूक तशीच राहते.

आकड्यांत दाखवा ना. किती सरकवायचं?

एक काम सांगतो. आजोबांचा फोटो होता, छातीपर्यंतचा, मान फोटोतल्या डाव्या बाजूला वळलेली. घरच्यांनी चष्म्यासाठी दुसरा फोटो दिला तो लग्नातला, अगदी समोरून काढलेला. मी तो चष्मा कापला, थोडा अरुंद केला आणि बुबुळं मध्यावर धरून बसवला. बघितलं तर आजोबा नाटकातल्या पोस्टमनसारखे दिसत होते. काडीच्या जागी कानापर्यंत नुसती एक रेघ ओढली होती, तीही खोटी दिसत होती.

मग चष्मा मागवला. काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे छापलेले असतात, तिथे ५०, १८ आणि १४० होतं. म्हणजे एक काच ५० मिलिमीटर रुंद, मधला पूल १८ आणि काडीची लांबी १४०. चष्म्याच्या दुकानाची जुनी चिठ्ठीही डबीतच होती, तिच्यावर दोन बुबुळांमधलं अंतर ६३ मिलिमीटर लिहिलेलं होतं. एवढं मिळालं की अंदाजाने काम करावं लागत नाही.

फोटोत नाकाच्या खळग्यापासून जवळच्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा १३२ पिक्सेलवर होता आणि लांबच्याचा ९४ वर. भागाकार १.४, म्हणजे मान सुमारे २० अंश वळलेली. २० अंश वळल्यावर ६३ मिलिमीटरचं अंतर ५९ इतकं दिसतं. फोटोत बुबुळांमध्ये १६० पिक्सेल होते, म्हणून १ मिलिमीटरला साधारण २.७ पिक्सेल पडले. आता सरकाव. काच डोळ्यापुढे १३ मिलिमीटर आहे असं धरलं, तर २० अंशांना ती बाजूला साडेचार मिलिमीटरच्या आसपास सरकलेली दिसते. म्हणजे १२ पिक्सेल. आधी मधोमध बसवलेला चष्मा मी फक्त १२ पिक्सेल डावीकडे सरकवला, बाकी काहीही न करता. तेवढ्यानेच तो कागदावरून उठून नाकावर आला.

पुढे नातवाला तोच चष्मा घालून, खुर्चीसमोर जमिनीवर पट्टी चिकटवून, २० अंश मान वळवायला लावून नवा संदर्भफोटो काढला. शेवटी फ्रेमला गेला तो या फोटोतला चष्मा. पण वरचा हिशेब तरीही उपयोगी पडला, कारण नातवाचा चेहरा आजोबांपेक्षा रुंद होता. चष्मा त्याच्या चेहऱ्याच्या प्रमाणात न घेता मिलिमीटरच्या हिशेबाने लहान केला.

लांबच्या बाजूची काच किती लहान करायची?

तुम्ही करता त्यापेक्षा पुष्कळ कमी. चेहरा वळला की नवखा माणूस लांबची काच निम्मी करून टाकतो.

वरचंच उदाहरण घ्या. सपाट फ्रेम २० अंश वळली तर दोन्ही काचा सारख्याच अरुंद होतात, आणि त्याही फक्त ६ टक्क्यांनी. दोन काचांमध्ये फरक पडतो तो दोन कारणांनी. पहिलं कारण अंतर. लांबची काच जवळच्या काचेपेक्षा जेमतेम २ सेंटीमीटर मागे असते. कॅमेरा पावणेदोन मीटरवर असेल तर त्यामुळे ती सव्वा टक्का लहान दिसते. सेल्फीच्या अंतरावर हाच फरक ४ टक्क्यांपर्यंत जातो. दुसरं कारण म्हणजे फ्रेम पूर्ण सपाट नसते, चेहऱ्याभोवती किंचित वाकलेली असते. त्यामुळे लांबची काच आपल्यापासून थोडी जास्त वळलेली असते. आजोबांच्या चष्म्यात जवळची काच १३० पिक्सेल रुंद आली आणि लांबची १२०. उंची जवळपास तेवढीच.

हे करायला चष्म्याचा लेअर आधी `Convert to Smart Object` करून घ्या, म्हणजे दहादा ताणला तरी खराब होत नाही. मग `Ctrl+T`, आणि `Ctrl` दाबून एकेक कोपरा ओढा. `Warp` वापरायचंच असेल तर शेवटी, तेही फ्रेमच्या वरच्या कडेचा बाक जुळवण्यापुरतं. सुरुवातच `Warp` ने केली की गोल काचा बटाट्यासारख्या होतात.

काड्यांचं काय?

जवळच्या बाजूची काडी बिजागरीपासून निघते आणि जिथे कान डोक्याला जोडलेला असतो त्या खाचेत जाते. कानाच्या पाळीवर नाही, बाहेरच्या कडेवरही नाही. खाचेपाशी ती कानामागे गडप होते, म्हणून तिथे मास्क करताना कानाची कड अचूक हवी. कानावर केस आलेले असतील तर काडी केसांच्या खाली जाते आणि दोन-चार केस तिच्यावरून येतात. ते केस नंतर बारीक ब्रशने एकेक काढायचे.

लांबी मोजता येते. काडी १४० मिलिमीटर असली तरी कानामागे वाकलेला भाग सोडून सरळ भाग १०० च्या आसपास असतो. समोरून तो जवळजवळ दिसतच नाही. २० अंशांना मात्र तो ३४ मिलिमीटर दिसतो, म्हणजे आजोबांच्या फोटोत ९२ पिक्सेल. काडीचा उतार कानांवरून ठरतो. मान खाली असेल तर काडी बिजागरीकडून कानाकडे चढते, वर असेल तर उतरते.

लांबच्या बाजूची काडी चेहऱ्यामागे जाते. तिचा एखादा तुकडा चेहऱ्याच्या कडेबाहेर काचेतून दिसला तर दिसला. ती बाहेरच्या बाजूला उघडी काढणं ही चूक मी स्वतःही बरीच वर्षं करत होतो.

आणखी एक. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा वर असतो, आणि चष्मा टेकतो नाकावर आणि कानांवर, बुबुळांवर नाही. दोन्ही कान दिसत असतील तर चष्म्याचा झुकाव कानांच्या रेषेकडे थोडा ओढून घ्या.

काचेच्या आत काय ठेवायचं?

संदर्भफोटोतल्या माणसाचं काहीही नाही. काचेमागची त्याची कातडी, पापण्या, भुवई सगळं काढायचं, फक्त फ्रेम आणि काचेवरची चमक ठेवायची. फ्रेम `Pen Tool` ने कापा. चमक वेगळ्या लेअरवर घेऊन `Screen` करा, म्हणजे काळं आपोआप नाहीसं होतं आणि फक्त उजेड उरतो. ती चमक कुठल्या बाजूने आलेली आहे ते बघा. चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि काचेवर ट्यूबलाईट उजवीकडून, असं चालत नाही.

मग नंबर. आजोबांना जवळचं दिसायचं आणि लांबचं नाही, म्हणजे उणे नंबर असेल, तर काचेमागचा डोळा खरोखर लहान दिसतो. उणे ४ ला साधारण ५ टक्के. त्याहून नजरेत भरते ती गालाची कड. लांबच्या काचेतून दिसणारी चेहऱ्याची बाहेरची कड आत सरकते आणि फ्रेमपाशी तुटल्यासारखी दिसते. अधिक नंबरात याच्या उलट होतं, डोळे मोठे दिसतात. काचेच्या आतला भाग नव्या लेअरवर कॉपी करा, तेवढाच ३ ते ५ टक्के लहान किंवा मोठा करा आणि फ्रेमच्या आतल्या कडेने मास्क करा. नंबर अगदी बारीक असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

टोपी डोक्यावर तरंगते. कितीही खाली ओढली तरी.

बऱ्याचदा खाली ओढण्याची गरज नसते, टोपीचा काठ चुकीच्या बाजूला वाकलेला असतो.

गांधी टोपीचा, किंवा कुठल्याही टोपीचा, खालचा काठ डोक्याभोवती फिरणारी लांबट गोल पट्टी असते. डोकं पुढून मागे १९-२० सेंटीमीटर आणि रुंदीला साडेपंधरा, असं धरा. कॅमेरा बरोबर काठाच्या पातळीत असेल तर ती पट्टी सरळ रेघ दिसते. कॅमेरा तिच्या वर असेल किंवा मान खाली असेल, तर पुढचा काठ खाली येतो आणि वाटीच्या तळासारखा बाक दिसतो. कॅमेरा खाली असेल किंवा मान वर असेल, तर काठाची कमान होते. समोरच्या चेहऱ्यावर फक्त १० अंशांच्या फरकाने काठाचा मधला भाग टोकांपेक्षा पावणेदोन सेंटीमीटर वर किंवा खाली जातो. कपाळावर पावणेदोन सेंटीमीटर म्हणजे खूपच. आणि खाली वाकलेला काठ वर बघणाऱ्या चेहऱ्यावर ठेवला की टोपी हवेत राहणारच.

त्यात बहुतेक लोक टोपी सपाट घालत नाहीत. कपाळावर ती जरा वर असते आणि मागे मानेकडे खाली उतरते. त्यामुळे अगदी सरळ मानेच्या फोटोतही काठ किंचित कमानीसारखा दिसतो. म्हणून मी टोपी आणण्याआधी वेगळ्या लेअरवर लाल रंगाने नुसता काठ काढतो. दोन्ही बाजूंना कानाच्या वर कुठून जाईल, कपाळावर कुठून जाईल आणि मागे न दिसणारा भाग कुठून वळेल, पूर्ण गोल. मागचा भाग दिसणार नसला तरी काढायचा. तो काढला नाही तर बाजूची टोकं नेमकी चुकतात. ही लाल रेघ चेहऱ्यावर पटली की मग टोपी तिच्यावर बसवायची.

गांधी टोपीला दुसरी खूण तिच्या वरच्या घडीची. ती घडी डोक्यावरून पुढून मागे सरळ जाते, म्हणजे नाकाच्या दिशेने. मान वळली की टोपीचं पुढचं टोक नाकाच्या बाजूला सरकतं आणि घडीची लांबीही दिसायला लागते. नाक एकीकडे आणि टोपीचं टोक दुसरीकडे, असं दिसलं की चूक तिथेच.

रुंदी ठरवताना टोपी कवटीवर बसते हे विसरू नका. फोटोत डोक्याची बाहेरची कड केसांची असते, हाडाची नसते. दाट केस असतील तर टोपी केसांच्या कडेपेक्षा आत बसते आणि बाहेर राहिलेले केस दबतात. टक्कल असेल तर उलट, टोपी कड सोडून थोडी बाहेर येते, कारण कापडालाही जाडी आहे. टोपीबाहेर डोकावणारे वरचे केस `Clone Stamp` ने मागच्या पडद्यात मिसळा. कानापुढचे कल्ले मात्र राहू द्या. ते पुसले की माणूस विग लावल्यासारखा दिसतो.

फेटा किंवा पगडी बसवायची असेल तर?

तत्त्व तेच, मेहनत चौपट. फेट्याचे पदर प्रत्येक वळणाला वेगळे दिसतात, त्यामुळे कोन न जुळणारा फेटा ताणून जुळवता येत नाही. कोन जुळणाराच शोधा. आणि उलटा करून वापरायचा मोह टाळा. चष्मा उलटा केला तर चमक सुधारली की भागतं, टोपीही चालून जाते. फेट्याचा तुरा आणि शेमला मात्र उलट बाजूला जातात, आणि घरातल्या एखाद्या काकांना ते पहिल्या नजरेत कळतं.

सावल्या आणि दाणा कसा जुळवायचा?

सावलीसाठी काळा रंग घेऊ नका. त्याच चेहऱ्यावरच्या गडद सावलीतून रंग उचला आणि `Multiply` लेअरवर ३०-४० टक्क्यांनी लावा. जिथे वस्तू टेकते, म्हणजे नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि टोपीच्या काठाखाली, तिथे सावली बारीक आणि धारदार असते. गालावर किंवा कपाळावर पसरते तिथे ती पुसट होत जाते. जुन्या फोटोत दाणा असतो आणि मोबाईलच्या संदर्भफोटोत नसतो. त्यामुळे आधी चष्मा मूळ फोटोइतका मऊ करा, मग `Add Noise` ने दाणा टाका. पांढऱ्या टोपीवर फ्लॅश पडून घड्या गेल्या असतील तर त्या परत येत नाहीत, दुसरा फोटो शोधा.

काम झाल्यावर `Flip Canvas Horizontal` करून बघा. रोजचा चेहरा उलटा झाला की डोळ्याची सवय मोडते आणि तिरपा चष्मा लगेच दिसतो.

आधार कार्ड किंवा पासपोर्टच्या फोटोत असं करता येईल का?

नाही. ओळखपत्राच्या फोटोत असा बदल चालत नाही. नवा फोटो काढून घ्या.

सगळं जुळलं, तरी घरचे म्हणतात "हे आमचे बाबा नव्हेत." काय करायचं?

ते बरोबर म्हणत असतात. तुम्ही चष्मा चष्म्याच्या जागी बसवला, त्यांनी तो त्यांच्या जागी बसवलेला नव्हता. कोणी टोपी कपाळावर ओढून घालतो, कोणी मागे सरकवतो, कोणाची सदा एका कानाकडे कललेली. चष्मा बसवण्याआधी घरच्यांकडून दोन-तीन साधे, वाईट फोटो मागून घ्या. पंगतीतले, अंगणातले, जिथे माणसाला आपला फोटो काढला जातोय हे माहीत नव्हतं.

वरच्या आजोबांचा फोटो आजींना दाखवला तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चष्मा एवढा वर कधी नसायचा. वाचताना खाली ओढायचे, तो तिथेच राहायचा." मी फ्रेम नाकावरून खाली आणली, पण नुसती खाली नाही. नाकावर खाली उतरलेला चष्मा डोळ्यांपासून लांबही जातो, १३ ऐवजी २० मिलिमीटर तरी. म्हणजे बाजूचा सरकाव १२ पिक्सेलचा १८ झाला, बुबुळं काचेच्या वरच्या कडेपाशी आली आणि काडी बिजागरीकडून कानाकडे चढायला लागली. परत दाखवला. आजींनी फोटो हातात घेतला आणि पदराने काच पुसली. काच अजून बसवलीच नव्हती.